एका फोटोत तीन रकाने, चोवीस प्रश्न: उत्तर ज्याचं त्याच क्रमांकाखाली कसं ठेवायचं

एका मुलीने सरावाच्या पानाचा फोटो पाठवला होता आणि सोबत तिची उत्तरं. पानावर तीन रकान्यांत चोवीस प्रश्न. उत्तरसूची लावून पाहिली तर चोवीसपैकी बावीस उत्तरं चूक. तिला गणित येत नाही असं मानायला मी तयार नव्हतो, म्हणून दुसऱ्या क्रमांकाचं उत्तर घेऊन बसलो. प्रश्न होता ४८ ला ६ ने भागण्याचा आणि तिचं उत्तर होतं ‘३५ टक्के’. भागाकाराला टक्केवारी येईल कुठून? मग पान पुन्हा पाहिलं. ३५ टक्के हे प्रश्न ९ चं उत्तर होतं, आणि अगदी बरोबर होतं. तिने पान आडवं वाचलं होतं आणि क्रमांक मात्र स्वतःच्या मनाने १, २, ३ असे घातले होते. सगळी गणितं बरोबर, जागा तेवढ्या चुकलेल्या.

हा घोळ मी इतक्यांदा पाहिला आहे की आता पूर्ण पद्धतच लिहून ठेवतो. उदाहरणासाठी तेच पान घेऊ: पहिल्या रकान्यात १ ते ८, दुसऱ्यात ९ ते १६, तिसऱ्यात १७ ते २४. त्यात दोन अडचणी आणखी आहेत. प्रश्न ८ चे शेवटचे दोन पर्याय जागा संपल्यामुळे दुसऱ्या रकान्याच्या माथ्यावर गेलेत, आणि प्रश्न १३ खाली एक त्रिकोण काढलेला आहे.

## टप्पा १: फोटो सरळ करा आणि कडा तपासा

प्रश्न सोडवायला घेण्याआधी फोटो नीट करायचा. त्यातही सगळ्यात महत्त्वाचा तिरकेपणा. ए-४ कागदावर छापील मजकूर साधारण १८ सेंटिमीटर रुंद असतो. दोन ओळींमध्ये ७ मिलिमीटर अंतर धरलं, तर फोटो अवघा सव्वादोन अंश तिरका असला तरी डावीकडची ओळ उजव्या टोकाला पोचेपर्यंत एका ओळीने सरकलेली असते. एवढा कल डोळ्यांना जाणवतही नाही. मग तुम्ही बोट आडवं सरकवत नेता आणि शेजारच्या रकान्यात वरच्या किंवा खालच्या प्रश्नावर जाऊन पोचता.

फोनच्या फोटो संपादनात फोटो फिरवताना वर जाळी दिसते. पानाची कड त्या जाळीला धरून सरळ करा. कड दिसत नसेल तर छापील ओळीचा तळ धरा. पान मध्येच फुगलेलं असेल, म्हणजे वहीच्या शिवणीजवळ ओळी वळलेल्या असतील, तर फिरवून उपयोग नाही. पान सपाट दाबून, फोन बरोबर वर धरून फोटो पुन्हा काढा. फोटो दुसऱ्याने पाठवलेला असेल तर सरळ नवीन मागवा. दोन मिनिटं जातात, पण पुढचा तास वाचतो.

मग चारही कडा बघा. डावी कड अगदी काठावर कापली गेली असेल तर पहिल्या रकान्याचे क्रमांकच गायब असतात. हे चटकन लक्षात येत नाही, कारण प्रश्नाचा मजकूर पूर्ण दिसत असतो.

सावधान: क्रमांक दिसत नसलेल्या प्रश्नाला अंदाजाने क्रमांक देऊ नका. वरचा ४ आणि खालचा ६ स्पष्ट दिसत असेल तरच मधला ५ म्हणा.

## टप्पा २: क्रमांक उभे चाललेत की आडवे, ते ठरवा

१ या आकड्यावर बोट ठेवा. आता त्याच्या लगेच खाली कोणता क्रमांक आहे आणि उजवीकडच्या रकान्यात कोणता, ते बघा. खाली २ असेल तर पान उभं वाचायचं: पहिला रकाना तळापर्यंत, मग दुसऱ्याचा माथा. उजवीकडे २ असेल तर पान आडवं वाचायचं. आपल्या उदाहरणात १ च्या खाली २ आहे आणि उजवीकडच्या रकान्यात पहिला क्रमांक ९, म्हणजे उभं वाचन.

इथे दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली धूसर आकड्यांची. देवनागरीतले १ आणि ९ अस्पष्ट फोटोत जवळजवळ सारखे दिसतात. आपल्या पानावर एका रकान्याच्या माथ्याशी १ आणि दुसऱ्याच्या माथ्याजवळ ९, म्हणजे नेमकं जिथे दिशा ठरवायची तिथेच ही जोडी आहे. इंग्रजी आकड्यांत १ आणि ७, ३ आणि ८ यांचं तसंच होतं. म्हणून कोणताही क्रमांक एकटा वाचू नका. त्याच्या वरचा आणि खालचा क्रमांक पाहून मगच पक्का करा. खाली १० दिसला तर वरचा ९ आहे, यात शंका राहत नाही.

दुसरी फसगत क्रमांक पुन्हा सुरू होण्याची. पानाच्या मध्यावर ‘विभाग ब’ असं शीर्षक येतं आणि तिथून पुन्हा १ पासून मोजणी चालू होते. अशा वेळी ‘३’ या क्रमांकाला एकट्याने काही अर्थ नसतो. उत्तरात ‘अ-३’, ‘ब-३’ असंच लिहायचं. उपप्रश्नांनाही तेच लागू. कुठे अ, आ, इ, ई असा क्रम असतो, तर कुठे अ, ब, क, ड. पानावर जे अक्षर छापलंय तेच उतरवा. आपल्या सवयीचं अक्षर घातलंत की ‘दुसरा उपप्रश्न’ एकाच्या लेखी ‘आ’ आणि दुसऱ्याच्या लेखी ‘ब’ होतो.

## टप्पा ३: रकाने वेगळे कापा

फोनवर तीन रकान्यांचं पान मोठं करून वाचायला लागलं की क्रमांक पडद्याबाहेर जातात आणि नुसता मजकूर समोर उरतो. पुढे सरकताना बोट थोडं तिरकं गेलं की आपण शेजारच्या रकान्यात असतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो. जवळपास सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे.

उपाय सोपा आहे. मूळ फोटो तसाच ठेवून त्याच्या तीन प्रती करा आणि प्रत्येकीतून एकच रकाना कापून घ्या. कापताना दोन रकान्यांमधल्या मोकळ्या पट्टीच्या बरोबर मधून कापू नका. पट्टी अरुंद असते आणि पुढच्या रकान्याचे दोन अंकी क्रमांक त्या पट्टीत थोडे बाहेर आलेले असतात. १० मधला १ कापला गेला तर उरतो नुसता ०. म्हणून शेजारच्या रकान्याची थोडी कड आली तरी चालेल, पण आपल्या रकान्याचा क्रमांक पूर्ण आलाच पाहिजे. तुकड्यांना स१, स२, स३ अशी नावं द्या, नाहीतर फोन ते कोणत्याही क्रमाने दाखवेल.

कापल्यावर प्रत्येक तुकड्याचा माथा आणि तळ बघा. स२ च्या माथ्यावर क्रमांक नाही, नुसते (क) आणि (ड) हे पर्याय आहेत. हे प्रश्न ८ चे. त्यांना सुटा प्रश्न समजून क्रमांक दिलात तर तिथून पुढचं सगळं एकाने सरकेल. मी अशा वेळी स१ च्या तळाशी ‘८ पुढे चालू’ आणि स२ च्या माथ्याशी ‘८ चे उरलेले’ असं फोनच्या खुणा करण्याच्या पेनने लिहून टाकतो.

आकृतीचंही इथेच ठरवा. त्रिकोण १३ च्या खाली आणि १४ च्या वर आहे. तो कोणाचा? अंतरावरून ठरवू नका, वाक्यावरून ठरवा. १३ मध्ये ‘खालील आकृतीत’ असे शब्द आहेत आणि १४ मध्ये आकृतीचा उल्लेखच नाही. म्हणजे त्रिकोण १३ चा.

फोटोतून मजकूर उचलत असाल तर: पूर्ण पानावरून उचलू नका. अनेकदा तीन रकान्यांच्या ओळी एकमेकींना जोडून एकच लांब ओळ तयार होते, आणि मग कोणता शब्द कोणत्या प्रश्नाचा हे कळायला मार्ग राहत नाही. कापलेला एकेक रकाना द्या. संगणकावर टेसरॅक्ट हा मजकूर उचलणारा प्रोग्राम वापरत असाल तर स१ हा तुकडा s1.png या नावाने ठेवा आणि ही आज्ञा द्या:

```
tesseract s1.png s1 -l mar --psm 6
```

यातला `--psm 6` हा ‘समोर मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे’ असं धरून चालतो. म्हणूनच तो कापलेल्या रकान्यावर योग्य आहे आणि पूर्ण पानावर घातक. मजकूर आल्यावर आधी फक्त क्रमांक फोटोशी ताडून बघा, बाकीचा मजकूर नंतर.

## टप्पा ४: आधी सांगाडा, मग उत्तरं

पूर्ण पद्धतीतला हा टप्पा मी कधीही गाळत नाही. एकही प्रश्न सोडवण्याआधी कागदावर १ ते २४ क्रमांक एकाखाली एक लिहून काढा, आणि प्रत्येकासमोर त्या प्रश्नाची एक खूण लिहा. खूण म्हणजे प्रश्नातला असा तुकडा, जो पानावर दुसरीकडे कुठेच नाही. आपल्या पानाचा थोडा भाग असा दिसेल:

- १ – १२५ चा वर्ग
- २ – ४८ ÷ ६
- ८ – दोन नळ, टाकी (पर्याय पुढच्या रकान्यात)
- ९ – २०० पैकी ७०, टक्के
- १३ – त्रिकोण, आकृती
- १६ – रेल्वे, पूल
- १७ – ०.५ चा अपूर्णांक

खूण चार शब्दांपेक्षा मोठी नको, नाहीतर कंटाळून सोडून द्याल. पण ‘गणित’, ‘शेकडेवारी’ अशी मोघमही नको. पानावर शेकडेवारीचे चार प्रश्न असतील तर त्या खुणेने काहीच ओळखू येत नाही. आकडा ही सगळ्यात चांगली खूण.

खुणा लिहिताना प्रत्येक रकान्यातले प्रश्न मोजा आणि बाजूला टिपा: स१ मध्ये ८, स२ मध्ये ८, स३ मध्ये ८. बेरीज २४, आणि पानावरचा शेवटचा क्रमांकही २४. जुळलं. बेरीज २५ आली असती तर सुटे पडलेले पर्याय प्रश्न म्हणून मोजले गेले, असं समजायचं. २३ आली असती तर आकृतीखाली एखादा प्रश्न नजरेतून निसटला. छापताना एखादा क्रमांक दोनदा पडलेला किंवा गाळलेला असतो, तेही याच मोजणीत सापडतं. तसं असेल तर पान सुधारायला जाऊ नका. ‘१४ (पहिला)’, ‘१४ (दुसरा)’ असं खुणेसकट लिहा.

## टप्पा ५: सोडवताना उत्तर एकटं फिरू देऊ नका

आता सोडवा. एका वेळी एकच तुकडा उघडा ठेवा. स१ पूर्ण झाल्याशिवाय स२ उघडायचा नाही, मग स२ मधला एखादा प्रश्न कितीही सोपा दिसो.

कच्चं काम करताना प्रत्येक गणिताच्या डोक्यावर आधी क्रमांक लिहा. ‘आधी सोडवतो, क्रमांक नंतर टाकतो’ असं म्हणणाऱ्याच्या कागदावर शेवटी गोल केलेली सहा उत्तरं असतात आणि कोणतं कशाचं ते त्यालाच सांगता येत नाही.

प्रश्न सोडून द्यायचा असेल तर त्याच्यासमोर ‘सोडला’ असं लिहा. जागा नुसती कोरी ठेवली तर उतरवून घेताना ती भरून निघते आणि पुढचं प्रत्येक उत्तर एक पाऊल वर चढतं.

पर्यायी प्रश्नांत पर्यायाचं अक्षर आणि त्याची किंमत दोन्ही लिहा: ‘८ – (क) १२ मिनिटे’. ‘दुसरा पर्याय’ असं कधीही लिहू नका. चार पर्याय दोन-दोनच्या दोन ओळींत मांडलेले असतात, तिथे एकाचा ‘दुसरा’ उजवीकडचा असतो आणि दुसऱ्याचा ‘दुसरा’ खालचा. यात अ आणि ड दोघांचेही जुळतात, फक्त ब आणि क यांची अदलाबदल होते. त्यामुळे निम्मी उत्तरं बरोबर दिसतात आणि चूक ध्यानात येत नाही.

## टप्पा ६: उतरवताना क्रमांक हाताने टाका

लिहून पाठवण्याच्या बहुतेक ठिकाणी क्रमांक आपोआप पडतात. ही सोय या कामात नडते. मधली एक ओळ खोडली की खालचे सगळे क्रमांक स्वतःहून बदलतात. तुम्ही ३, ५, ७ एवढ्याच प्रश्नांची उत्तरं द्यायला बसलात तर काही ठिकाणी ती ३, ४, ५ अशी उमटतात. तुम्ही टंकलेलं बरोबर असतं, वाचणाऱ्याला मात्र चुकीचं दिसतं.

म्हणून आपोआप क्रमांकन बंद करा. ते जमत नसेल तर ओळीची सुरुवातच आकड्याने करू नका. ‘प्र. ३ – ४२ सेमी’ असं लिहिलं की सहसा कोणतीही यादी त्याला हात लावत नाही. एका ओळीत एकच उत्तर ठेवा. पानाची नक्कल म्हणून उत्तरंही तीन रकान्यांत मांडू नका. फोनच्या अरुंद पडद्यावर ते रकाने मोडतात आणि पहिल्याच टप्प्यातला घोळ नव्याने सुरू होतो.

## टप्पा ७: तपासणी कुठे करायची

बहुतेक जण पहिलं उत्तर बघतात, शेवटचं बघतात आणि निश्चिंत होतात. या कामात हीच दोन उत्तरं तपासायला सगळ्यात निरुपयोगी आहेत. तीन रकाने आणि प्रत्येकी आठ प्रश्न असं भरलेलं पान कोणी आडवं वाचून १ ते २४ क्रमांक घातले, तर फक्त १ आणि २४ जागेवर राहतात. बाकीची बावीस हलतात. म्हणूनच त्या मुलीची नेमकी बावीस चुकली होती. तिनेही पाठवण्याआधी पहिलं आणि शेवटचं तपासलं होतं.

तपासायचे ते सांधे. ८ वरून ९ आणि १६ वरून १७, म्हणजे एका रकान्याचा तळ आणि पुढच्याचा माथा. या चार प्रश्नांच्या खुणा मूळ, न कापलेल्या फोटोशी ताडून बघा. ८ समोर नळ-टाकी, ९ समोर ७० आणि २००, १६ समोर पूल, १७ समोर ०.५. चारही जुळले तर रकान्यांचा क्रम चुकलेला नाही.

मग उलटी तपासणी. उत्तरांच्या यादीतून मधलीच दोन-तीन उचला, म्हणजे ५, १२, २१. फक्त उत्तर बघा आणि हे कोणत्या प्रश्नाचं असू शकेल ते फोटोत शोधा. जो प्रश्न सापडला त्याचा छापील क्रमांक यादीतल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. प्रश्नाकडून उत्तराकडे गेलं तर डोळा अपेक्षित तेच पाहतो, म्हणून उत्तराकडून प्रश्नाकडे जायचं.

शेवटी एककांवरून एक नजर फिरवा. टक्के विचारलेत तिथे सेंटिमीटर, वेळ विचारली तिथे रुपये असं कुठे दिसलं तर थांबा. गणित चुकण्याची शक्यता तिथे कमी आणि जागा चुकण्याची जास्त.

## क्रम चुकलाच असेल तर

पुन्हा सोडवू नका. आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखा.

एका ठिकाणापर्यंत सगळं बरोबर आणि तिथून पुढे प्रत्येक उत्तर शेजारच्याचं, असं असेल तर ती सरक आहे. सुरुवात शोधायला सगळी तपासायची गरज नाही. १२ बघा. बरोबर असेल तर चूक पुढे आहे, म्हणून १८ बघा. तो चुकला असेल तर १५ बघा. चार-पाच वेळा असं निम्मं केलं की नेमकी जागा सापडते. तिथे बहुतेक वेळा एक कोरा सोडलेला प्रश्न किंवा सुटे पर्याय निघतात.

पहिलं आणि शेवटचं बरोबर आणि मधली सगळी विखुरलेली असतील तर पान आडवं वाचलं गेलंय. तीन रकाने, आठ ओळी अशी चौकट आखा. चुकीच्या क्रमाने लिहिलेली उत्तरं तिच्यात आडवी भरा: पहिल्या ओळीत १, २, ३ ची, दुसरीत ४, ५, ६ ची, असं शेवटपर्यंत. आता चौकट उभी वाचा. पहिला रकाना वरून खाली हे खरे १ ते ८, दुसरा ९ ते १६, तिसरा १७ ते २४. त्या मुलीने ४ समोर लिहिलेला ‘८’ हा आकडा या चौकटीत दुसऱ्या ओळीच्या पहिल्या घरात येतो, म्हणजे प्रश्न २. ४८ भागिले ६.

शेवटच्या रकान्यात प्रश्न कमी असतील, समजा ८, ८ आणि ६, तर तिसऱ्या रकान्याची शेवटची दोन घरं आधीच फुली मारून बंद करा आणि भरताना ती ओलांडून पुढे जा. पान मुळात आडव्या क्रमांकाचं असून कोणी उभं वाचलं असेल, तर हेच उलट करा: चौकट उभी भरा आणि आडवी वाचा.